चोखतेय की गिळतेय, ते आधी ऐका

ताई, माझी मुलगी गेल्या आठवड्यात सहा महिन्यांची झाली. जन्माच्या वेळी वजन २.८ किलो होतं, पाचव्या महिन्यात ६.६ आणि आता ६.९. अंगावरच पिते. चार दिवसांपासून मऊ वरणभात नि नाचणीचं सत्त्व सुरू केलंय, दोन-तीन चमचे खाते. रात्री ९ ला पिता पिता झोपते आणि मग १०, ११.३०, १, २, ३.३०, ५ अशी उठते. दर वेळी पाजते, त्याशिवाय ती झोपतच नाही. दिवसा मात्र दोन मिनिटं पिऊन मान फिरवते, कुणी बोललं की तिकडे बघत बसते. सासूबाई म्हणतात, तुझं दूध पुरत नाही, वरचं दे. नवरा म्हणतो, ही नुसती सवय आहे, रात्रीचं पाजणं बंद कर. तीन आठवड्यांनी माझी रजा संपतेय. कुणाचं ऐकू?
— एक आई, नाशिक

आधी दूध पुरतंय की नाही, एवढं मिटवून टाकू. सहा महिन्यांच्या मुलीचं वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मध्यावर ७.३ किलो आहे. मध्यावर म्हणजे निम्म्या निरोगी मुली त्याच्या खाली असतात. तुमची लेक जन्माच्या वजनाच्या दुपटीच्या पुढे गेली आहे आणि शेवटच्या महिन्यात ३०० ग्रॅम वाढली आहे, या वयाला ती वाढ चांगली आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात तिचे ठिपके जोडून बघा. रेघ वर चढत असेल, दिवसभरात सहा तरी लंगोट चांगले ओले होत असतील आणि शू फिकट रंगाची असेल, तर दूध पुरतंय. सासूबाईंची काळजी मला समजते, पण वरचं दूध आत्ता नको. गाई-म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नये. त्यात लोह फार कमी असतं, आणि ते पोटात जाईल तेवढं तुमचं दूध कमी प्यायलं जाईल.

आता रात्रीचं. तुमच्या घरात वाद चाललाय तो असा, की ही भुकेने उठणारी मुलगी आहे की सवयीने उठणारी. मला मात्र वाटतं, मुलीवर शिक्का मारण्याऐवजी एकेक उठणं वेगळं बघावं. एकाच रात्रीत दोन उठणी भुकेची आणि चार सवयीची असू शकतात. तुमच्या पत्रातल्या वेळा बघून मला तुमच्याकडे असंच काहीसं दिसतंय.

या वयाच्या बाळाची झोप साधारण ५० ते ६० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. फेरी संपली की बाळ झोपेच्या काठावर येतं, कूस बदलतं, तोंडाने चुकचुक करतं आणि पुन्हा आत जातं. आपणही रात्रीतून असेच काठावर येतो, उशी सरळ करतो नि झोपतो, सकाळी आठवतही नाही. पण समजा तुम्ही उशीवर डोकं ठेवून झोपलात आणि तासाभराने काठावर आलात तेव्हा उशीच नाही. मग पूर्ण जागं होऊन शोधाशोध करणारच. तुमची लेक स्तन तोंडात घेऊन झोपते. १० वाजता काठावर येते तेव्हा तो तोंडात नसतो. ९ ला झोपलेली मुलगी बरोबर १० ला उठते, ते त्या पहिल्या फेरीच्या शेवटी. पोट भरून प्यायलेल्या बाळाला तासाभरात भूक लागत नाही. तेव्हा १० चं उठणं मी जवळपास डोळे मिटून सवयीचं म्हणेन.

१ च्या उठण्याबद्दल मी तसं म्हणणार नाही. ९ नंतर चार तास झालेले असतात. मधल्या दोन वेळा ती दोन-दोन मिनिटं चोखून झोपली असेल, तर तिच्या पोटात फारसं काही गेलेलंच नाही. दिवसा ती नीट पीत नाही हेही तुम्ही लिहिलंय, आणि तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटते. चार-पाच महिन्यांपासून बाळांना जग दिसायला लागतं. दार वाजलं की मान वळते, पिणं अर्धवट राहतं. दिवसाचं राहिलेलं दूध मग ती रात्री वसूल करतात. अंधार असतो, शांतता असते, आई शेजारी असते. अशी भूक खरी भूक आहे. ती नवऱ्याच्या सांगण्यावरून एका रात्रीत बंद केली, तर मूल उपाशी राहील.

हे मी एकदा जवळून पाहिलंय. एका आईला कुणीतरी ठाम सांगितलं, सहा महिने झाले, आता रात्रीचं पाजायचं नाही. तिने पाचव्या रात्रीपर्यंत मूल रडवत निजवलं, आणि मूल रात्रभर झोपायलाही लागलं. घरात सगळे खूश. पुढच्या महिन्यात वजन मात्र जेमतेम शंभर ग्रॅम वाढलं आणि तिचं दूधही उतरायला लागलं, कारण रात्री छाती रिकामीच होत नव्हती. ते मूल दिवसा नीट पीत नव्हतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नंतर सगळं सावरलं, पण त्या आईचे ते दोन महिने माझ्या लक्षात राहिलेत.

मग ओळखायचं कसं? रडण्यावरून कळत नाही. भुकेचं रडणं नि झोप मोडल्याचं रडणं अर्ध्या झोपेत सारखंच वाटतं, आणि छातीशी घेतल्यावर दोन्ही थांबतात. म्हणून ‘पाजलं की गप्प होते’ हा भुकेचा पुरावा नाही. खूण सापडते ती छातीशी घेतल्यावर.

भुकेलेलं बाळ सुरुवातीला भराभर चोखतं, पान्हा फुटेपर्यंत. दूध यायला लागलं की लय बदलते. जबडा खोलवर खाली जातो, क्षणभर थांबतो, वर येतो, आणि त्यासोबत गिळण्याचा हलका ‘क्ह, क्ह’ असा आवाज येतो. साधारण सेकंदाला एक घोट. अंधारात दिसत नसेल तर तिच्या कानाच्या पुढे, जबडा जिथे जोडलेला असतो तिथे दोन बोटं अलगद टेकवा. खरं पिताना तिथे ठसठशीत हालचाल लागते. मुठी आधी घट्ट आवळलेल्या असतात, पोट भरत जाईल तशी बोटं सैल होऊन उघडतात.

सवयीचं चोखणं वेगळं असतं. तोंडाच्या पुढच्या भागाने, वरवर, फडफडल्यासारखं, सेकंदाला साधारण दोनदा, नि गिळण्याचा आवाज नाही किंवा आठ-दहा चोखण्यांनंतर कुठे एखादा. दोन-तीन मिनिटांत डोळे मिटतात. खाली ठेवायला गेलं की पुन्हा शोधते, कारण तिला दुधाऐवजी तोंडात काहीतरी हवं असतं. आईच्या कुशीत चोखत निजायचं तिला सुख वाटतं, त्यात वाईट काही नाही. फक्त ते रात्रीत सहा वेळा पुरवणं तुम्हाला झेपत नाहीये, आणि तीन आठवड्यांनी तर मुळीच झेपणार नाही.

दुसरी खूण, त्यानंतर ती किती वेळ झोपली. पोटभर प्यायलेलं बाळ बहुधा अडीच-तीन तास तरी झोपतं. तासाभरात परत उठली, तर पिणं अर्धवट झालं होतं किंवा ते पिणं नव्हतंच. तिसरी खूण सकाळी. उठल्यावर ती छातीवर तुटून पडत असेल तर रात्री फार काही गेलेलं नाही. सकाळी ७ ला तोंड फिरवत असेल, तर रात्रभराचं दूध पोटात आहे आणि दिवस-रात्रीचा उलटा क्रम बसलाय.

पहिल्या तीन रात्री काहीही बदलू नका. उशाशी कागद-पेन्सिल ठेवा. फोनवर लिहू नका, त्याच्या उजेडाने तुमचीच झोप उडेल. तीनच गोष्टी लिहा: उठली किती वाजता, गिळण्याचा आवाज अंदाजे किती मिनिटं आला, परत किती वाजता उठली. तीन सकाळी ते कागद शेजारी ठेवलेत की बरंचसं उत्तर समोर येईल.

तुमच्या वेळांवरून मी एक रात्र मांडून दाखवते. समजा १० ला दोन मिनिटं फडफड, गिळणं नाही. ११.३० ला चार मिनिटं, त्यातलं एखादं मिनिट गिळणं. १ ला बारा मिनिटं, त्यातली आठ-नऊ ठसठशीत गिळण्याची. २ ला पुन्हा फडफड. ३.३० ला तीन मिनिटं, एखादा घोट. ५ ला दहा मिनिटं चांगलं गिळणं. असा कागद आला तर १ आणि ५ ही भुकेची उठणी, १० आणि २ सवयीची, नि ११.३० आणि ३.३० मधली. या मुलीला मी रात्री दोनदा पाजायला सांगेन, पण पोटभर. सहा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाने रात्री एक-दोनदा पिणं अगदी नेहमीचं आहे. शून्यावर आणायचा हट्ट धरू नका.

चौथ्या दिवसापासून बदल सुरू करा, आणि तो रात्री १ वाजता नको, संध्याकाळी ८.३० ला. कारण १० चं उठणं ९ ला घडवलं जातं. शेवटचं पाजणं झोपेच्या वीसेक मिनिटं आधी आणा, दिव्याच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी. मग लंगोट बदला, कपडे बदला, अंगाई म्हणा, आणि डोळे जड झालेले पण अजून उघडे असताना खाली ठेवा. हात छातीवर, थोपटणं हळू. पहिल्या दोन-तीन रात्री ती रडेल. उचला, शांत करा, परत ठेवा. एकटीला रडत सोडायची काहीच गरज नाही. पिता पिता डोळा लागतोच असं झालं, तर गिळणं थांबून फडफड सुरू झाल्यावर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारून पकड सोडवा आणि हनुवटी बोटाने अलगद वर धरा, म्हणजे तोंड मिटलेलं राहील. शोधायला लागली तर पुन्हा द्या, अर्ध्या मिनिटाने पुन्हा सोडवा. एका रात्रीत हे पाच-सहा वेळा करावं लागेल. पण स्तन तोंडात नसताना डोळा लागला, की १० वाजता काही हरवलेलं नसेल.

रात्री चुळबुळ ऐकू आली की लगेच उचलू नका. दोन-तीन मिनिटं नुसतं ऐका. बाळं झोपेत कुंथतात, हातपाय हलवतात, रडल्यासारखा आवाजसुद्धा करतात, आणि डोळे मिटलेलेच असतात. अशा वेळी उचललं तर झोपलेल्या मुलीला आपणच उठवतो. खरंच उठली असेल तर घड्याळ बघा. शेवटचं पोटभर पाजून तीन तास झाले नसतील, तर आधी थोपटणं, आणि ते काम तिच्या बाबांनी करायचं. तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो, तुम्ही जवळ गेलात की ती शोधणारच. नवऱ्याला सवय मोडायचीच आहे ना, मग १० नि २ त्यांच्याकडे. दहा मिनिटं थोपटूनही रडणं चढत गेलं, तर पाजा आणि कागदावर गिळणं लिहा. तुमचा अंदाज चुकला असेल तर तो कागद सांगेल.

तीन तासांहून जास्त झाले असतील तर वाट बघू नका, थेट पाजा. चाळीस मिनिटं रडू देऊन मग पाजणं सर्वांत वाईट. मूल दमतं, अर्धवट पिऊन झोपतं आणि तासात परत उठतं. भुकेच्या वेळी मात्र ते पाजणं पूर्ण होऊ द्या. एक बाजू झाली की लंगोट बदला, त्याने ती जराशी जागी होईल, मग दुसरी बाजू. दिवा मंद, बोलणं नाही, खेळणं नाही. आडवं पाजताना तुमचाही डोळा लागतो, म्हणून गादी घट्ट असू द्या, तिच्याजवळ उशी नि गोधडी नको, आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून रात्रीचं पाजू नका.

मधल्या दोन उठण्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. तुम्ही स्वतः झोपायला जाता तेव्हा, १०.३० च्या सुमारास, तिला पूर्ण न उठवता छातीशी घ्या. बरीच बाळं अर्धवट झोपेत छान पितात. ११.३० चं उठणं त्यात विरघळून जातं आणि १ चं २ पर्यंत सरकतं. चार-पाच रात्री करून काही फरक पडला नाही तर सोडून द्या, सगळ्यांना हे लागू पडत नाही.

याच्या बरोबरीने दिवसाचं पिणं वाढवायलाच हवं, नाहीतर वरचं सगळं फुकट. दिवसा पाजायला आतल्या खोलीत जा, दार लोटा, पडदा ओढा, फोन बाहेर ठेवा. झोपेतून उठल्याउठल्या पाजा, तेव्हा ती अजून गुंगीत असते नि मान फिरवत नाही. जेवणाआधी दूध, जेवणानंतर नाही. वरणभात हा आत्ता दुधाला जोड आहे, दुधाच्या जागी नाही. दिवसातून दोनदा, दोन-तीन चमच्यांपासून हळूहळू वाढवा.

रात्री पोट भरून खीर दिली की झोपेल, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तीन महिन्यांपासूनच वरचं अन्न सुरू केलेल्या बाळांची झोप आणि सहा महिने फक्त अंगावर वाढलेल्या बाळांची झोप ताडून पाहिली. जास्तीत जास्त फरक निघाला रात्रीत सोळा मिनिटांचा. त्या सोळा मिनिटांसाठी संध्याकाळी जड भरवू नका. बाटलीत सत्त्व कालवून देणं, गुटीत किंवा दुधात मध घालणं हेही नको. मध वर्षाच्या आत धोक्याचा असतो.

तुमच्या रजेबद्दल. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, त्यामुळे रजा संपणं, वरचं अन्न सुरू होणं आणि दिवसा पिताना लक्ष उडणं हे तिन्ही एकाच महिन्यात येतं. माझ्याकडे या वयाची इतकी पत्रं येतात ती त्यामुळेच. तुम्ही कामावर जायला लागलात की पहिले काही आठवडे ती दिवसा कमी पिऊन तुमची वाट बघेल आणि रात्री जास्त मागेल. ती भूक समजा आणि पाजा, तेव्हा थोपटत बसू नका. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुऊन आधी आतल्या खोलीत पाजा, बाकी घर नंतर. रात्रीचे बदल मात्र आत्ताच करा. कामाच्या पहिल्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका.

काही उठणी भुकेचीही नसतात, सवयीचीही नाहीत. ताप, नाक चोंदलेलं, कान ओढणं, आडवं केल्यावर वाढणारं रडणं, रोज रात्री घोरणं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. दात येताना, लस घेतल्यावर, नुकतीच पालथी पडायला लागल्यावर दोन-चार रात्री बिघडतात, त्या जाऊ द्या. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा वजनाची रेघ आडवी झाली असेल, तर एकही पाजणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बदल सुरू केल्यापासून आठवडाभर लंगोट मोजा. सहाच्या खाली गेले, किंवा दिवसाचं पिणं वाढलंच नाही, तर मी सांगितलेलं थांबवा आणि ती मागेल तेव्हा पाजा. दिवसाचं पिणं वाढलं, १० नि २ शांत गेले आणि सकाळी ७ ला ती जोरात प्यायली, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, तेवढेच कपडे ठेवून वजन करा. ७ किलोच्या पुढे काटा गेला असेल तर कामावर जाण्याआधी मला कळवा. नसेल तर तो रात्रीचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना त्याचा फार उपयोग होईल.